सुरुंग कुठे नाही, हे कसं कळतं?

माईनस्वीपर खेळताना हात थांबतो अशी वेळ येतेच. आकडे वाचून झालेले असतात, दोन-तीन बंद घरं समोर असतात आणि त्यातलं कुठलं उघडावं ते कळत नाही. मग माणूस "बघू काय होतं ते" म्हणत एक घर उघडतो, सुरुंग फुटतो आणि नशिबाला बोल लावून नवा डाव मांडला जातो. पुष्कळदा त्या डावात नशिबाला दोष देण्याचं कारण नसतं. सुरक्षित घर समोरच असतं, पण ते एका आकड्याकडे पाहून कळण्यासारखं नसतं. शेजारचे दोन आकडे एकत्र वाचले की कळतं. काही डाव मात्र खरोखरच अडतात. तिथे तासभर डोकं खाजवलं तरी काही सिद्ध होत नाही, कारण सिद्ध होण्याजोगं काही शिल्लकच नसतं. समोरचा डाव या दोहोंतला कुठला, हे ओळखणं मला या खेळातलं सर्वांत मोलाचं कौशल्य वाटतं. पुढचं सगळं विवेचन त्याबद्दलच आहे.

खेळ बहुतेकांनी पाहिलेला आहे. मायक्रोसॉफ्टमधल्या रॉबर्ट डॉनर आणि कर्ट जॉन्सन यांनी तो विंडोजसाठी तयार केला. १९९० मध्ये तो कंपनीच्या खेळांच्या एका वेगळ्या संचात आला आणि १९९२ मध्ये विंडोज ३.१ सोबत थेट संगणकावरच मिळू लागला. पुढे ऑफिसांत, सायबर कॅफेंत, संगणकाच्या क्लासेसमध्ये पडद्यावर तो करड्या घरांचा पट दिसायचाच. पटाखाली ठरावीक संख्येने सुरुंग दडवलेले असतात. सुरुंग नसलेलं घर उघडलं की त्यात एक आकडा दिसतो. त्या घराला आडवी, उभी आणि तिरपी मिळून जी जास्तीत जास्त आठ घरं लागून असतात, त्यांत किती सुरुंग आहेत ते तो आकडा सांगतो. शेजारी एकही सुरुंग नसेल तर घर कोरं राहतं आणि आजूबाजूची घरं आपोआप उघडतात. सुरुंगाची खात्री झालेल्या घरावर झेंडा लावता येतो. पटाच्या कोपऱ्यात एक मोजणी दिसत असते, ती उरलेल्या सुरुंगांची. सगळ्यात अवघड पातळीवर ३० बाय १६ चा, म्हणजे ४८० घरांचा पट असतो आणि त्यात ९९ सुरुंग असतात. साधारण पाच घरांमागे एक. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

एकट्या आकड्याचं वाचन सोपं असतं. आकडा ३ असेल आणि त्याला लागून तीनच बंद घरं असतील तर तिन्हींत सुरुंग. आकडा १ असेल आणि त्याचा एक सुरुंग आधीच सापडला असेल तर त्याच्याभोवतीची बाकी सगळी घरं सुरक्षित. यातून एक सवय अंगी बाणवावी लागते. पडद्यावर दिसणारा आकडा मनातल्या मनात घटवून वाचायचा. आकडा ३ आहे आणि शेजारचे दोन सुरुंग नक्की झालेत, तर उरलेल्या बंद घरांपुरता तो १ आहे. अनुभवी खेळाडूला पडद्यावर तीन दिसत असले तरी तो विचार १ घेऊनच करतो. ही सवय नसली की पुढचे नमुने डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाहीत, कारण ते नमुने या घटवलेल्या आकड्यांचेच असतात.

इथवर सगळेच येतात. बहुतेकांची गाडी अडते ती दोन आकड्यांच्या वजाबाकीपाशी. पटाच्या डाव्या कडेला तीन बंद घरं आडव्या ओळीत आहेत असं समजा: कडेला क, मग ख, मग ग. त्यांच्या खालची ओळ उघडी आहे. क च्या खाली १ आहे आणि ख च्या खालीही १ आहे. पहिला १ कडेला असल्यामुळे त्याला फक्त क आणि ख लागून आहेत. म्हणजे या दोहोंत मिळून एक सुरुंग नक्की. दुसऱ्या १ ला क, ख आणि ग तिन्ही लागून आहेत. त्याच्या वाट्याचा एकुलता एक सुरुंग क-ख मध्येच संपला, तेव्हा ग सुरक्षित. क मध्ये सुरुंग आहे की ख मध्ये, हे आपल्याला अजून माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही पडली नाही. माझ्या मते या खेळातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. सुरुंग नेमका कुठे आहे ते न कळताही, तो कुठे नाही ते कळू शकतं.

हाच विचार थोडा पुढे नेला की या खेळातला सर्वांत प्रसिद्ध नमुना मिळतो. वर पाच बंद घरं आहेत आणि मधल्या तिघांच्या खाली १, २, १ असे घटवलेले आकडे आहेत:

```
क   ख   ग   घ   च
.   १   २   १   .
```

डावीकडचा १ क, ख, ग यांच्याबद्दल बोलतो. मधला २ ख, ग, घ यांच्याबद्दल. ख आणि ग ही दोन घरं दोघांच्याही हद्दीत आहेत. डावीकडच्या १ मुळे त्या दोहोंत मिळून एकापेक्षा जास्त सुरुंग असू शकत नाही. पण २ ला तर दोन हवेत. म्हणून दुसरा सुरुंग घ मध्येच असला पाहिजे, आणि ख-ग मध्ये नेमका एक. डावीकडच्या १ चा तो एक तिथेच गेला, म्हणून क सुरक्षित. आता हीच कसरत उजवीकडून करा. उजवीकडच्या १ च्या हद्दीत ग, घ, च आहेत. त्याच न्यायाने ख मध्ये सुरुंग आणि च सुरक्षित. ख आणि घ मिळून २ पूर्ण झाले, तेव्हा ग पण सुरक्षित. तीन आकड्यांवरून पाचही घरांचा निकाल लागला आणि कुठेही अंदाज करावा लागला नाही.

असे नमुने पाठ करणारे खूप आहेत आणि वेगाने खेळायचं तर पाठांतराला पर्याय नाही. पण पाठ केलेला नमुना चुकीच्या जागी लावला जाण्याचा धोका मोठा असतो. १-२-१ हा निकाल फक्त तेव्हाच लागू पडतो, जेव्हा त्या तीन आकड्यांना लागून असलेली सगळी बंद घरं एकाच बाजूच्या एकाच ओळीत असतात. खालच्या बाजूला एखादं बंद घर राहिलं असेल तर सगळा हिशोब बदलतो. त्यामुळे नमुन्यापेक्षा त्यामागची वजाबाकी लक्षात ठेवलेली बरी: मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करा आणि फक्त मोठ्याच्या हद्दीत येणारी घरं मोजा. वजाबाकी आणि ती घरं सारखीच भरली तर त्या सगळ्यांत सुरुंग, आणि फक्त लहानाच्या हद्दीतली घरं सुरक्षित.

वजाबाकीनेही काही निघालं नाही तर शेवटचं साधन म्हणजे गृहीत धरून पाहणं. एखादं बंद घर निवडा आणि त्यात सुरुंग आहे असं धरा. मग शेजारच्या आकड्यांवरून जे जे ओघाने येईल ते लिहीत जा. चालता चालता एखाद्या आकड्याला हवे तितके सुरुंग मिळेनासे झाले किंवा जास्त मिळू लागले तर तुमचं गृहीतक खोटं ठरलं, आणि ते घर सुरक्षित आहे असं सिद्ध झालं. विसंगती आली नाही तर उलट धरून पाहा. दोन्ही बाजूंनी सगळे आकडे समाधानी राहत असतील तर त्या घराबद्दल आत्ता काही सांगता येत नाही. आकड्यांना लागून असलेल्या प्रत्येक बंद घराची अशी तपासणी करून प्रत्येकाबद्दल "दोन्ही शक्य" असंच उत्तर आलं, तर त्या आकड्यांपुरता डाव अडला आहे असं म्हणता येतं. मला काही सुचलं नाही आणि काही सिद्ध होऊच शकत नाही, यात फार अंतर आहे. अंदाज करण्याचा हक्क दुसऱ्या परिस्थितीतच मिळतो.

ही तपासणी मोठ्या पटावर किती अवघड होऊ शकते याचं उत्तर गणितज्ञांनी दिलेलं आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या रिचर्ड के यांनी २००० मध्ये एक प्रश्न मांडला: अर्धवट उघडलेला पट दिला, तर त्या आकड्यांना साजेशी सुरुंगांची एकतरी मांडणी शक्य आहे का? कितीही मोठ्या पटांवर हे हमखास झटपट ठरवणारी पद्धत आजवर कुणालाच सापडलेली नाही अशा प्रश्नांच्या एका कुप्रसिद्ध वर्गात हा प्रश्न बसतो, हे त्यांनी सिद्ध केलं. २०११ मध्ये ॲलन स्कॉट, उलरिके स्टेगे आणि आयरिस व्हॅन रूय यांनी खेळाडूच्या अधिक जवळचा प्रश्न घेतला: या पटावर निश्चित सांगता येईल असं एकतरी घर आहे का? तोही तितकाच चिवट निघाला. घरच्या पडद्यावर मात्र यामुळे घाबरून जायचं कारण नाही. ४८० घरांच्या पटावर आकड्यांना लागून असलेली बंद घरं बहुधा छोट्या छोट्या तुकड्यांत विखुरलेली असतात, आणि एका तुकड्यातली तपासणी हाताने होण्यासारखी असते.

या तपासणीत बहुतेक जण एक आकडा विसरतात. तो पटावर नसतो, कोपऱ्यातल्या मोजणीत असतो. डावाच्या सुरुवातीला तिचा फारसा उपयोग नसतो, पण शेवटच्या टप्प्यात ती इतर कुठल्याही आकड्याइतकीच बोलते. उघड्या आकड्यांना मिळून कमीत कमी तीन सुरुंग लागत असतील आणि मोजणीत तीनच उरले असतील, तर कुठल्याच आकड्याला न लागलेली, आत दडलेली सगळी घरं सुरक्षित असतात. त्यांच्या शेजारी एकही आकडा नसताना त्यांचा निकाल लागतो. एक सावधगिरी मात्र हवी. पडद्यावरची मोजणी म्हणजे एकूण सुरुंग वजा तुम्ही लावलेले झेंडे. झेंडा बरोबर आहे की चूक, हे खेळ तपासत नाही. एक चुकीचा झेंडा लागला की मोजणी खोटी होते आणि तिच्यावर बांधलेला प्रत्येक निष्कर्षही. एखाद्या आकड्याभोवती त्याच्यापेक्षा जास्त झेंडे दिसले, किंवा त्याला हवे तेवढे सुरुंग बसवायला बंद घरंच पुरेनाशी झाली, तर कुठलातरी झेंडा चुकला आहे हे नक्की समजावं.

आता एक कोपरा नीट सोडवून पाहू. पटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चार घरं बंद आहेत. 'सु' म्हणजे ज्याबद्दल खात्री झालेली आहे असा सुरुंग. या तुकड्याच्या उजवीकडची आणि खालची सगळी घरं उघडलेली आहेत.

```
क   ख   १
ग   घ   २
१   २   सु
```

आधी आकडे घटवू. वरच्या १ च्या हद्दीत ख आणि घ. त्याखालच्या २ ला तो माहीत असलेला सुरुंग लागून आहे, म्हणून तोही १ झाला, आणि त्याच्याही हद्दीत ख आणि घ च. खालच्या ओळीतले १ आणि २ पण तसेच, फक्त त्यांच्या हद्दीत ग आणि घ. चार आकडे दिसतात, पण त्यातून मिळणाऱ्या गोष्टी दोनच: ख-घ मध्ये एक सुरुंग, ग-घ मध्ये एक सुरुंग. कोपऱ्यातल्या क बद्दल कुणीच बोलत नाही, कारण त्याला लागून असलेली तिन्ही घरं बंद आहेत.

मग शक्यता किती? घ मध्ये सुरुंग असेल तर ख आणि ग रिकामे. घ रिकामं असेल तर ख आणि ग दोन्हींत सुरुंग. प्रत्येक वेळी क मध्ये सुरुंग असेल किंवा नसेल. एकूण चार मांडण्या झाल्या आणि चारही घरं "दोन्ही शक्य" या सदरात गेली. डाव अडला.

इथे बहुतेक जण म्हणतात, ख आणि घ मध्ये एक सुरुंग आहे, म्हणजे पन्नास-पन्नास. तसं ते नाही. ज्या मांडणीला कमी सुरुंग लागतात ती जास्त संभवते, कारण वाचलेला सुरुंग उरलेल्या पटावर कुठेतरी बसतो आणि त्याला बसायला जागा पुष्कळ असतात. सुरुंगांचं प्रमाण पाचास एक धरलं, तर एखादं घर रिकामं असण्याची शक्यता त्यात सुरुंग असण्याच्या चौपट. या हिशोबाने असे शंभर कोपरे डोळ्यांसमोर आणले तर ६४ मध्ये फक्त घ मध्ये सुरुंग असेल, १६ मध्ये घ आणि क मध्ये, १६ मध्ये ख आणि ग मध्ये, आणि ४ मध्ये ख, ग, क तिन्हींत. म्हणजे शंभरात ऐंशी वेळा सुरुंग घ मध्ये. आत्ताच उघडायचं असेल तर ख किंवा ग उघडावं, धोका शंभरात वीस. घ उघडणाऱ्याचा धोका ऐंशी. 'पन्नास-पन्नास' म्हणत घ वर क्लिक करणारा स्वतःला न कळता चौपट धोका पत्करत असतो.

ख उघडण्यात आणखी एक फायदा आहे. दुसरीकडे कुठे आत दडलेलं घर उघडलं तरी धोका साधारण तेवढाच, पाचास एक. पण ख सुखरूप उघडलं तर त्याच वेळी घ मध्ये सुरुंग आणि ग रिकामं हे ठरतं. शिवाय ख मध्ये दिसणारा आकडा १ असेल तर क सुरक्षित, २ असेल तर क मध्ये सुरुंग. एका क्लिकने अख्खा कोपरा सुटतो. दोन घरांचा धोका सारखा असेल तर जे उघडल्यावर जास्त सांगेल ते निवडावं.

पण आत्ताच उघडायलाच हवं का? बाकीचा पट अजून उघडायचा शिल्लक असेल आणि तो या कोपऱ्याच्या मदतीविना सुटत असेल, तर हा कोपरा शेवटाला ठेवण्यात लाभ आहे. शेवटी मोजणीत एकच सुरुंग उरला तर तो घ मध्ये आहे, दुसरी मांडणीच बसत नाही. तीन उरले तर ते ख, ग आणि क मध्ये. दोन्ही वेळा अंदाजाची गरज उरत नाही. अडचण फक्त दोन उरल्यास. तेव्हा घ-क आणि ख-ग या दोन मांडण्या शिल्लक राहतात, दोन्ही सारख्याच संभवतात आणि कुठलंही घर उघडलं तरी धोका निम्मा. वरच्या शंभर कोपऱ्यांत असे प्रसंग ३२. त्यातले निम्मे हरले तर १६. म्हणजे आत्ता उघडलं तर शंभरात वीस वेळा हार, थांबलो तर सोळा वेळा. फरक लहान आहे, पण तो हातचा आहे. अंदाज सक्तीचा झाला की नाही हे ठरवताना आत्ताचा पट पुरत नाही, पुढे काय माहिती येऊ शकेल तेही पाहावं लागतं.

थांबून कधीच काही मिळणार नाही, असे प्रसंगही असतात, आणि ते ओळखण्याची खूण अगदी नेमकी आहे. पुन्हा कोपराच घेऊ, पण वेगळा:

```
क   ख   सु
१   ३   सु
```

खालची सगळी घरं उघडी आहेत. खालचा १ सांगतो की क-ख मध्ये एक सुरुंग आहे. ३ चे दोन सुरुंग उजवीकडे सापडलेले आहेत, घटवल्यावर तोही तेच सांगतो. आता विचार करा, या दोहोंतला फरक सांगू शकेल असा साक्षीदार कोण असू शकतो? जे घर क आणि ख या दोघांनाही लागून आहे ते निरुपयोगी, कारण सुरुंग इकडे असो की तिकडे, त्याचा आकडा बदलत नाही. फक्त एकालाच लागून असलेलं घर हवं. पट बघितला तर क ला लागून असलेली पण ख ला न लागलेली घरं नाहीतच, कारण क कोपऱ्यात आहे. ख ला लागून असलेली आणि क ला न लागलेली घरं दोन आहेत, आणि त्या दोन्हींत सुरुंग आहेत. सुरुंगाचं घर उघडता येत नाही, म्हणून ते कधी आकडा दाखवणार नाही. मोजणीही मदत करणार नाही, कारण दोन्ही मांडण्यांना एकेकच सुरुंग लागतो. साक्ष देऊ शकणारे सगळे मुके आहेत. उरलेला पट सगळा उघडला तरी या जागेचा धोका निम्म्याचा निम्माच राहणार.

हा खरा पन्नास-पन्नास. मागच्या कोपऱ्यात थांबण्याने शंभरात चार डाव वाचत होते, इथे थांबण्याने एकही वाचत नाही. म्हणून इथे ताबडतोब उघडावं हे उत्तम. हरायचंच असेल तर पंधरा मिनिटं घालवून शेवटच्या घरात हरण्यापेक्षा आत्ताच हरलेलं चांगलं. वेगाने खेळणारे असे कोपरे दिसताक्षणी उघडून मोकळे होतात. उलट, त्या दोन साक्षीदारांपैकी एकजरी घर अजून बंद असेल आणि त्यात सुरुंग असल्याचं सिद्ध झालेलं नसेल, तर हात लावू नये. ते घर दुसऱ्या बाजूने सुरक्षित ठरलं की त्याच्या आकड्यातून क-ख चा निकाल आपोआप लागेल. घाईने पन्नास-पन्नास म्हणून उघडलेल्या कितीतरी जोड्या प्रत्यक्षात अशा असतात. साक्षीदार जिवंत असतो, फक्त अजून त्याच्यापर्यंत आपण पोहोचलेलो नसतो.

म्हणून हात थांबला की माझा क्रम ठरलेला असतो. आधी आकडे घटवले का, मग शेजारचे आकडे एकमेकांतून वजा केले का, मग मोजणी पाहिली का, मग गृहीत धरून विसंगती शोधली का. एवढं करून सगळी घरं "दोन्ही शक्य" निघाली तर साक्षीदाराचा प्रश्न. तो असेल तर पटावर दुसरीकडे जायचं. नसेल तर उघडायचं. या सगळ्यातून गेल्यावर अंदाज करायची वेळ पूर्वीपेक्षा खूपच कमी येते. पण अवघड पातळीवर ती नाहीशी होत नाही, आणि त्याचं कारण खेळाच्या नियमांत नसून सुरुंग मांडण्याच्या रीतीत आहे. नेहमीच्या खेळात सुरुंग कसेही विखुरले जातात. पहिल्या क्लिकला सुरुंग फुटू नये एवढी काळजी घेतली जाते. जुन्या विंडोजमध्ये पहिल्याच घरात सुरुंग निघाला तर तो उचलून वरच्या डाव्या कोपऱ्याकडच्या पहिल्या मोकळ्या घरात हलवला जायचा. त्यापुढे अडलेला कोपरा तयार होतो की नाही, याची कुणी चौकशी करत नाही.

ही चौकशी करता येते. सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामरने आपल्या मोफत कोड्यांच्या संग्रहात 'माईन्स' नावाने हाच खेळ ठेवला आहे. तुम्ही पहिलं घर उघडलं की त्याचा प्रोग्रॅम असा पट बनवतो, जो तिथून पुढे एकही अंदाज न करता सुटतो. अंदाज लागेल असा पट तो तुमच्यासमोर येऊच देत नाही. तर्क पक्का करायचा असेल तर काही दिवस त्यावर खेळा. तिथे हात थांबला तर सुरक्षित घर नक्की आहे आणि ते तुम्हाला दिसायचं आहे, हे गृहीत धरा, आणि शोधताना कोपऱ्यातली मोजणी विसरू नका. काही पट केवळ तिच्याच आधाराने सुटतात.